‘बंद’ या शब्दाचा अर्थ

परदेशप्रवासाविषयीचे एक विधान हल्ली आमच्या वर्तुळात वारंवार ऐकू येते. परक्या देशात गेल्यावर तिथली लिपी येण्याची आता गरजच उरलेली नाही, असे ते विधान. दुकानाच्या भिंतीवर काळ्यापांढऱ्या चौकटींचा क्यूआर कोड असतो. त्यावर फोन धरायचा, रक्कम लिहायची, बरोबरची खूण उमटली की व्यवहार पुरा झाला. आकडे सर्वत्र तेच आणि खूणही सर्वत्र तीच, मग अक्षरांचे काम काय, असा हा युक्तिवाद आहे. तो करणारे लोक व्यापारी किंवा अभियंते असते, तर आम्ही गप्प बसलो असतो. पण तो करणारे बहुतांशी आमच्यासारखेच आहेत. ते साहित्य शिकवतात, भाषांतराच्या प्रश्नांवर परिसंवाद भरवतात आणि ‘संहितेचे निकट वाचन’ हा शब्दप्रयोग तासाला चारदा करतात. आम्हीही हे विधान केलेले आहे. ते खोटे आहे हे आम्हाला शिआन शहरातील नूडल्सच्या एका दुकानात कळले. कळण्याची ही किंमत मात्र आम्ही मोजली नाही. ती त्या दुकानाच्या मालकिणीने मोजली.

प्रसंग सविस्तर सांगणे भाग आहे, कारण आमचा सगळा वाद त्याच्या तपशिलांवर उभा आहे. आम्ही चौघे होतो. सकाळी महा वन्यहंस स्तूप पाहून आलो होतो. ह्यूएन त्सांगाने भारतातून नेलेल्या पोथ्यांसाठी इसवी सन ६५२ मध्ये उभारलेली ती वास्तू. हा भिक्षू महाराष्ट्रातही येऊन गेला होता आणि इथल्या लोकांविषयी त्याने लिहूनही ठेवले आहे. तेव्हा त्या पायऱ्यांवर बसून आम्ही भाषांतरकाराच्या तपश्चर्येविषयी बरेच काही बोललो. संध्याकाळी ‘ब्यांग ब्यांग’ नूडल्सच्या दुकानात शिरलो. या पदार्थाच्या नावासाठी जे अक्षर लिहितात त्याला पारंपरिक रूपात पन्नासहून अधिक रेघा लागतात. पाटीवरच्या त्या अक्षराची छायाचित्रे आम्ही चौघांनीही काढली. अक्षर जितके अवघड तितके ते आम्हाला मोहक वाटले, कारण ते वाचण्याची जबाबदारी आमच्यावर नव्हती.

चार वाडग्यांचे, प्रत्येकी १७ युआनप्रमाणे, ६८ युआन झाले. म्हणजे साधारण आठशे रुपये. चीनमध्ये असे रोजचे व्यवहार प्रामुख्याने अलिपे आणि वीचॅट पे या दोन ॲपांतून होतात, आणि २०२३ सालापासून परदेशी प्रवाशाला आपले आंतरराष्ट्रीय कार्ड त्यांना जोडणे बरेच सोपे झाले आहे. त्यांपैकी एक ॲप आमच्यातील एकाच्या फोनवर होते आणि त्याची भाषा इंग्रजी ठेवलेली होती. त्याने भिंतीवरचा कोड टिपला, ६८ लिहिले, गुप्त क्रमांक दिला. पडद्यावर चक्र फिरत राहिले. दुकानाच्या आतल्या भागात जाळे क्षीण होते. मिनिटभराने त्याला बँकेची ई-मेल आली, की कार्डावरून अमुक रक्कम गेली. त्याने फोन खिशात ठेवला आणि आम्ही उठलो.

मालकिणीने दारात हात आडवा केला. तिच्या गल्ल्याजवळ एक छोटा ध्वनिवर्धक होता. आपल्याकडच्या भाजीवाल्याकडे असतो तसाच. पैसे जमा झाले की तो रक्कम मोठ्याने बोलतो. तो बोलला नव्हता. आमच्या मित्राने तिला ई-मेल दाखवली. तिला इंग्रजी येत नव्हते. तिने आपला फोन काढून जमेची यादी आमच्यासमोर धरली. आम्ही तिच्याकडे पाहिले, यादीकडे पाहिले नाही. मग तिने आमच्या मित्राला ॲप उघडायला लावले आणि त्याच्या बिलांच्या यादीतील एका ओळीवर ती नखाने पुन्हापुन्हा टकटक करू लागली. मित्राने ती ओळ वाचली. तिथे इंग्रजीत ‘क्लोज्ड’ असा शब्द होता. ‘हे बघा, व्यवहार क्लोज झाला म्हणते आहे, मिटला, संपला,’ असे तो आम्हाला म्हणाला. आणि आमच्यापैकी एकाने ‘चोराच्या उलट्या बोंबा’ ही म्हण उच्चारली. मराठीत उच्चारली, म्हणून ती निर्धोक होती असे आम्ही मानत नाही. स्वर कळायला लिपी लागत नाही. बाईंनी आमच्याकडे क्षणभर पाहिले, हात खाली घेतला आणि ‘जा’ अशी खूण केली.

रात्री हॉटेलच्या मुलीला आम्ही तोच पडदा दाखवला, थोडेसे फुशारकीनेच. तिने ॲपची भाषा चिनी केली. त्या ओळीत आता चार अक्षरे दिसू लागली: 交易关闭. शेवटच्या दोन अक्षरांवर बोट ठेवून तिने खिडकीतून समोर दाखवले. रस्त्यापलीकडच्या दुकानाचे शटर खाली ओढलेले होते. मग तिने यादीतील आदल्या दिवशीची एक ओळ दाखवली. तिथे 交易成功 होते. व्यवहार यशस्वी. आमचा ६८ युआनचा व्यवहार यशस्वी झालेला नव्हता. तो शटर ओढल्यासारखा बंद पडला होता. आम्ही चार वाडगे फुकट खाल्ले होते आणि वर त्या बाईंना खोटे ठरवून आलो होतो.

आता वादाकडे येऊ. त्या टेबलावर एकाच घटनेविषयी तीन संहिता उपलब्ध होत्या: बँकेची ई-मेल, ॲपमधील बिल आणि दुकानदाराकडील जमेची यादी. तिन्ही खऱ्या होत्या. ई-मेल खरी होती, कारण कार्डाचा व्यवहार दोन पायऱ्यांनी होतो. आधी बँक रक्कम मंजूर करून बाजूला राखून ठेवते, आणि ती प्रत्यक्ष दुसऱ्याच्या पदरात पडते ती नंतर. ई-मेल पहिल्या पायरीविषयी बोलत होती. मंजुरीचा निरोप वेळेत न पोहोचल्याने ऑर्डर रद्द झाली असावी. राखलेली रक्कम सहाव्या दिवशी खात्यात परतली. बिल खरे होते, कारण ते पूर्ण व्यवहाराविषयी बोलत होते. मालकिणीची यादी तर खरी होतीच. खोटे होते ते आमचे वाचन. आम्ही तिन्हींपैकी जी संहिता आमच्या भाषेत, आमच्या बँकेकडून आली होती, तिलाच प्रमाण मानले आणि उरलेल्या दोन तिच्याशी जुळवून घेतल्या. हस्तलिखितांची पाठचिकित्सा शिकवताना आम्ही नेमके याच दोषासाठी विद्यार्थ्यांचे गुण कापतो.

शिवाय या संहिता एकमेकींशी ताडून पाहण्याची साधने तिथेच होती. ई-मेलवर वेळ होती संध्याकाळचे पाच वाजून बारा मिनिटे. बिलावर सात वाजून बेचाळीस. दोन्ही नोंदी एकाच क्षणाच्या आहेत, कारण बीजिंगची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते. एवढी वजाबाकी केली असती, तरी दुसरी संहिता याच प्रसंगाची आहे आणि म्हणून तिचे म्हणणे ऐकले पाहिजे, हे उघड झाले असते. आकडा दोन्हीकडे होता, आणि ‘आकडे सर्वत्र सारखेच’ म्हणणाऱ्यांना आमचे उत्तर याच ठिकाणी आहे. ६८ हा आकडा यशस्वी व्यवहारातही दिसतो, बंद पडलेल्या व्यवहारातही दिसतो आणि परत आलेल्या पैशांच्या नोंदीतही दिसतो. त्याचे काय झाले, हे शेजारची अक्षरे सांगतात. क्रियापद वगळून केलेले वाक्याचे वाचन आम्ही वर्गात चालवून घेतले नसते.

दुसरा मुद्दा भाषांतराचा. इथे आमच्या काही मित्रांनी आक्षेप घेतला की दोष ॲपच्या इंग्रजी भाषांतराचा आहे. आम्हाला हे मान्य नाही. ‘क्लोज्ड’ हे 关闭 चे चुकीचे भाषांतर नव्हे. दोन्ही अक्षरांचा अर्थ मिटणे, लावून घेणे असाच आहे. दुसऱ्यात तर दाराचे अक्षर, 门, उघड दिसते. शब्दकोशाच्या कसोटीवर भाषांतर निर्दोष होते. पण चिनी पडद्यावर ‘बंद’ हा शब्द ‘यशस्वी’ या शब्दाच्या विरोधात उभा आहे, आणि त्या जोडीमुळेच त्याला अर्थ आहे. इंग्रजीतून आम्ही तो उचलला तेव्हा त्याची जोडी मागे राहिली आणि आमच्या कानात ‘सौदा क्लोज झाला’ हा व्यापारी वाक्प्रचार वाजला. मराठीतही तीच गोम आहे. ‘खाते बंद केले’ म्हणजे हिशेब पुरा झाला; ‘दुकान बंद पडले’ म्हणजे पुरा होण्याआधीच खुंटला. चिन्हाला अर्थ भेदातून येतो, हे सोस्यूरचे म्हणणे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. हातातल्या फोनवर ते लागू करायचे आम्हाला सुचले नाही. यादीतील वरची ओळ वाचली असती, तरी तिथे वेगळा शब्द आहे हे दिसले असते आणि वेगळा का आहे हा प्रश्न पडला असता.

मग प्रवाशाने एक वाडगा नूडल्ससाठी चिनी भाषा शिकावी काय, असा उपरोधिक प्रश्न आम्हाला विचारला गेला. नाही. भाषा शिकायला वर्षे लागतात. पैशांच्या पडद्यावर पुन्हापुन्हा येणारी मोजकी अक्षरे ओळखायला एक संध्याकाळ पुरते. त्यांत सर्वांत उपयोगाची जोडी 付 आणि 收 ही आहे. पहिले देण्याचे, दुसरे घेण्याचे. चीनमधील सर्वांत जुन्या अक्षरकोशांपैकी एक असलेला ‘श्वोवन ज्येझ’ पहिल्याची फोड अशी देतो, की हातात वस्तू धरून माणसासमोर केली आहे. दुसऱ्याचा मूळ अर्थ तो ‘पकडणे’ असा सांगतो. एकात माणूस आणि हात, दुसऱ्यात पकड, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. या जोडीचे काम असे, की या ॲपांत पैसे देण्याचा कोड आणि पैसे घेण्याचा कोड जवळजवळ शेजारी राहतात. दुकानदार तुमच्या फोनवरचा कोड आपल्या यंत्राने टिपणार असेल, तर पडद्यावर 付款码 हवा. आम्ही पहिल्याच दिवशी एका फळवालीसमोर 收 असलेला कोड धरून उभे होतो, म्हणजे तिच्याकडेच पैसे मागत होतो. ती हसली, म्हणून निभावले.

याच जोडीमागे आणखी एक भेद दडलेला आहे आणि तो प्रवाशाला जास्त नडतो. भिंतीवरचे सगळेच कोड एका जातीचे नसतात. काही व्यापाऱ्याचे असतात, काही व्यक्तीचे. चीनमध्ये १ मार्च २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनी हा भेद अधिक काटेकोर केला. परदेशी कार्ड जोडलेल्या प्रवाशाला व्यक्तीच्या खासगी कोडवर सहसा पैसे देता येत नाहीत, कारण ॲपच्या दृष्टीने ती खरेदी नसून एका माणसाने दुसऱ्याला केलेले हस्तांतर असते. ओळखायचे कसे? कोड टिपल्यावर रक्कम लिहिण्याआधी पडद्यावर घेणाऱ्याचे नाव येते. व्यक्ती असेल तर नावाचा काही भाग तारकांनी झाकलेला असतो आणि एखादेच अक्षर उघडे दिसते. व्यापारी असेल तर दुकानाचे नाव. व्यक्तीच्या कोडवर व्यवहार नाकारला गेला, तर ‘याचा फोन बिघडला’ किंवा ‘हा परदेशी माणसाला टाळतो आहे’ असे निष्कर्ष न काढता, आपला 付款码 पुढे करून तो टिपण्याचे यंत्र आहे का हे विचारावे.

आणि नाव वाचावे ते एवढ्यासाठीच नव्हे. दुकानाच्या कोडवर दुसऱ्याचा कोड चिकटवून पैसे पळवण्याचे प्रकार तिथेही घडले आहेत आणि आपल्याकडेही. त्यावर प्रवाशाच्या हातातली तपासणी एकच, ती म्हणजे नाव. पण इथेही वाचनाला मर्यादा आहे, ती सांगितली पाहिजे. पाटीवरचे नाव आणि पडद्यावरचे नाव बहुधा तंतोतंत जुळत नाही. पाटीवर हाक मारायचे नाव असते, पडद्यावर नोंदणीचे. त्यात शहराचे, विभागाचे नाव आणि धंद्याचा प्रकार मिसळलेला असतो. अक्षरे न येणाऱ्याने दोन्हींत समान असलेली एकदोन अक्षरे शोधावीत, आणि ती सापडली वा न सापडली तरी पडदा दुकानदारापुढे धरावा. होकार त्याचा घ्यावा.

हा शिष्टाचार आम्ही नव्याने शोधलेला नाही. पैशांची संहिता हे सर्वांत सावधपणे लिहिले आणि वाचले जाणारे वाङ्मय आहे, हे आपल्या पेढ्यांना पूर्वीपासून ठाऊक होते. हुंडीत रक्कम एकदाच लिहून भागत नसे. शंभर रुपये, ज्यांचे निमे पन्नास, त्याची दुप्पट, अशी ती घोळवून लिहीत, म्हणजे मागाहून कोणी शून्य वाढवू नये. चिनी हिशेबनिसांनी त्याच भीतीपोटी आकड्यांसाठी अवघड अक्षरांचा वेगळा संच ठेवला. साधा एक, 一, एका रेघेने दोन होतो. 壹 तसा होत नाही. औपचारिक पावत्यांवर तो संच आजही छापलेला दिसतो. दोन दूरच्या लिप्यांतले हिशेबनीस एकाच शहाणपणाला पोहोचले. लिहिणारे एवढे जपून लिहीत असताना वाचणाऱ्याने ‘खूण दिसली की झाले’ म्हणणे हा निव्वळ आळस आहे, आणि त्याला आधुनिकतेचे नाव देऊ नये.

या आळसाला एक सामाजिक बाजूही आहे, आणि आमचा खरा राग तिच्यावर आहे. पुण्यामुंबईच्या बाजारात अक्षरओळख नसलेली असंख्य माणसे रोज फोनवरून पैसे देतात. ती काय करतात ते पाहावे. पैसे पाठवल्यावर ती दुकानदाराकडे पाहून विचारतात, ‘आले का?’ ध्वनिवर्धक बोलेपर्यंत ती जागची हलत नाहीत. आपल्याला वाचता येत नाही हे त्यांना माहीत असते, म्हणून ती समोरच्या माणसाची साक्ष काढतात. आम्हाला वाचता येते असा आमचा समज होता, म्हणून आम्ही समोरच्या माणसाची साक्ष फेटाळली. परक्या लिपीच्या देशात आम्ही निरक्षर होतो, यात लाज वाटण्यासारखे काही नव्हते. आपण निरक्षर आहोत हे कबूल न करता आम्ही साक्षराचा अधिकार गाजवला, यात आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघे त्या दुकानात परत गेलो. बाई पिठाची पट्टी ताणून ओट्यावर आपटत होत्या. ब्यांग ब्यांग हे नाव त्या आपटण्याच्या आवाजावरून पडले, असे सांगतात. आम्ही दारापाशी उभे राहून कोड टिपला, कारण तिथे जाळे बरे होते. नाव आले. पाटीशी त्यातील दोन अक्षरे जुळली. पडदा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी पिठाच्या हाताने मान्यतेची खूण केली. ६८ लिहिले आणि थांबलो. ध्वनिवर्धकातून आवाज आला, त्यातले ‘ल्यू-शी-बा’ एवढे आम्हाला ओळखता आले: अडुसष्ट. मग आम्ही बिल उघडले, भाषा चिनी केली आणि 成功 ही दोन अक्षरे त्यांना दाखवली. आदल्या रात्रीच्या ओळीवरही बोट ठेवले, आणि मान खाली घातली. क्षमा मागण्याचा शब्द आम्ही हॉटेलच्या मुलीकडून पाठ करून नेला होता. उच्चार बहुधा चुकला. बाई काहीतरी म्हणाल्या आणि पुन्हा पिठाकडे वळल्या. त्यांनी क्षमा केली की फक्त काम पुढे चालू ठेवले, हे आम्हाला वाचता आले नाही.